बांधातले बुराक आणि गीतेतले फळ

गोव्यात माझ्या मामांच्या गावात मांडवीच्या काठाला खाजन शेती आहे. गावाचे नाव लिहीत नाही, कारण पुढे एक-दोघांच्या तक्रारी येणार आहेत. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवरची जमीन. चिखल, चिरे आणि गवत वापरून बांध घालायचा, खाडीचे खारे पाणी बाहेर ठेवायचे आणि आत पावसाळी भात काढायचे. बांधात एका जागी मानस असते, म्हणजे चिऱ्यांच्या बांधकामात बसवलेली लाकडी दारे. भरती चढली की बाहेरचे पाणीच ती दारे दाबून बंद करते. ओहोटी लागली की आतले पाणी ती ढकलून उघडते आणि शेतातले जादा पाणी खाडीत उतरते. दिवसातून दोनदा, आणि दर दिवशी साधारण ५० मिनिटे उशिरा.

एका वर्षी ऑगस्टमध्ये अमावास्येच्या उधाणाला हा बांध फुटला. भात गुडघ्याच्या वर आले होते, त्यात खारे पाणी शिरले. त्या टप्प्याची देखरेख ज्याच्याकडे होती तो माणूस दोन दिवसांनी देवळाच्या पायरीवर भेटला आणि म्हणाला, "आम्ही आपले काम केले. फळ थोडेच आपल्या हातात? गीतेतच सांगितलेय." मामा काही क्षण गप्प राहिले. मग घरातल्या कोकणीत म्हणाले, "फळ देवाचें, पूण बुराक आमचें न्हय?"

बुराक म्हणजे भोक. कुर्ल्या बांध पोखरतात, आणि तिथे कुर्ल्यांची भोके पडलेली मे महिन्यातच सगळ्यांना दिसली होती. दोन-चार घमेली चिखल चोपून बसवला असता तर ती बुजली असती. ती बुजवली नाहीत.

निष्काम कर्माबद्दल वाचताना मला नेहमी ही पायरी आठवते. गीतेतले फळ आणि बांधातले बुराक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की एक सूक्ष्म विचार निव्वळ सबब होऊन बसतो. ही गल्लत कुठे होते तेवढेच इथे नीट पाहू.

ज्याचा पहिला अर्धाच भाग सगळ्यांना पाठ असतो तो श्लोक दुसऱ्या अध्यायातला, ४७ वा: "कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन। मा कर्मफलहेतुर्भूर्मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि॥" तुझा अधिकार कर्मावर आहे, फळांवर कधीही नाही. फळासाठी कर्म करणारा होऊ नकोस. आणि चौथा तुकडा, जो बोलताना हमखास गळतो: काहीच न करण्याचीही ओढ तुला नसो. देवळाच्या पायरीवरच्या माणसाने पहिले तीन तुकडे वापरले आणि चौथा मोडला.

ज्ञानेश्वरांनी या श्लोकावर लिहिले, "परी कर्मफळीं आस न करावी। आणि कुकर्मीं संगति न व्हावी। हे सत्क्रियाचि आचरावी। हेतूविण॥" मूळ श्लोकात 'अकर्म' आहे, ज्ञानेश्वर 'कुकर्म' म्हणतात. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो. फळाची आशा सोडली म्हणजे कोणतेही कर्म चालेल असा अर्थ कोणी काढेल, हे त्यांनी आधीच ओळखले असावे.

आता 'अधिकार' या शब्दाकडे जरा थांबून पाहायला हवे. आज अधिकार म्हटले की आपल्याला सरकारी साहेब किंवा हक्क आठवतो. जुन्या यज्ञशास्त्रात, म्हणजे मीमांसेत, या शब्दाला नेमका अर्थ होता. 'स्वर्गकामो यजेत', स्वर्ग हवा असणाऱ्याने यज्ञ करावा, असे वाक्य आले की प्रश्न पडे: हा यज्ञ करायला पात्र कोण? उत्तर असे की ज्याला ते फळ हवे आहे आणि जो त्याचा धनी होणार आहे, तोच त्या कर्माचा अधिकारी. कर्म आणि फळ एकाच दोरीने बांधलेले होते. पाऊस हवा असेल तर कारीरी नावाचा यज्ञ, पाऊस नको असेल तर तो करण्याचे कारण नाही.

अशी एखाद्या इच्छेपोटी केलेली कर्मे ती काम्य. त्यांच्या शेजारी दुसरा वर्ग होता नित्य कर्मांचा: रोजची संध्या, रोजचे अग्निहोत्र. ती का करायची, तर करायची असतात म्हणून. केल्याने काही खास मिळत नाही, न केल्याने मात्र दोष लागतो. गीतेने केले ते असे की हा नित्य कर्माचा भाव उचलला आणि यज्ञशाळेबाहेर सगळ्या जगण्यावर पसरला. युद्ध असो, शेती असो, राज्य असो, ते रोजच्या संध्येसारखे कर. अधिकार शब्द तोच ठेवला, पण फळाशी असलेली त्याची गाठ सोडली. त्या काळच्या ऐकणाऱ्याला हे वाक्य किती उलटे वाटले असेल, ते आज पाठांतरामुळे आपल्या लक्षातच येत नाही.

आक्षेप लगेच येतो, आणि तो जुनाच आहे. मीमांसक कुमारिल भट्टांचे वाक्य प्रसिद्ध आहे: "प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते." काही उद्देश असल्याशिवाय मंदबुद्धीचा माणूसही हालचाल करत नाही. मनुस्मृतीही सांगते की इच्छा नसलेल्या माणसाची कोणतीही क्रिया या जगात दिसत नाही. मग फळ नको असलेला माणूस बांध तरी का बांधेल?

उत्तर गीतेतच आहे, पण ते शेवटच्या अध्यायात, जिथे पोचेपर्यंत बहुतेकांचे पारायण वेगात आलेले असते. अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. आसक्ती आणि रागद्वेष सोडून, फळाची हाव न धरता केलेले नेमून दिलेले कर्म सात्त्विक. हावेने, अहंकाराने आणि खूप धडपडीने केलेले राजस. आणि तिसऱ्याची व्याख्या अशी: "अनुबन्धं क्षयं हिंसामनपेक्ष्य च पौरुषम्। मोहादारभ्यते कर्म यत्तत्तामसमुच्यते॥" अनुबंध म्हणजे कर्माच्या मागून येणारे परिणाम. क्षय म्हणजे होणारे नुकसान, हिंसा म्हणजे इतरांना होणारी इजा, पौरुष म्हणजे आपली कुवत. यांचा विचार न करता भ्रमात सुरू केलेले कर्म तामस.

म्हणजे परिणामांचा विचार न करणे याला गीता निष्काम म्हणत नाही, तामस म्हणते. तिन्हींत सगळ्यात खालची पायरी ती. परिणाम पाहायचा असतो, पुरता पाहायचा असतो. सोडायची असते ती 'हे मला मिळाले पाहिजे' ही पकड.

मानशीवर हा फरक अगदी डोळ्यांनी दिसतो. मानशीच्या तोंडाशी ओहोटीला जाळे लावले की कोळंबी आणि मासळी मिळते. त्या मासळीच्या हक्काचा लिलाव होतो, आमच्याकडे त्याला पावणी म्हणतात. एका वर्षी एकाने मोठी बोली लावून तो हक्क घेतला. पैसे तर भरले, आता ते वसूल व्हायला हवेत. त्याने भरतीच्या वेळी दारांत लाकडी ओंडका अडकवायला सुरुवात केली, म्हणजे दारे मिटणार नाहीत, जास्त पाणी आत येईल, त्याबरोबर जास्त मासळी येईल आणि ओहोटीला जाळ्यात सापडेल. हिशेब बरोबर होता. मासळी वाढलीही. पण त्या पाण्याबरोबर मीठ शेतात आले, आणि आत-बाहेर धावणाऱ्या जोरदार प्रवाहाने मानशीच्या पायाखालचा चिखल खरवडला.

इथे फळाची आशा नेमके काय बिघडवते ते पाहा. मासळी हवी असणे हा दोष नव्हे. मानशीचे काम पाणी राखणे हे आहे, मासळी ही त्या कामाची वरकड कमाई. त्या माणसाच्या मनात वरकडीने मूळ कामाची जागा घेतली आणि त्यासाठी त्याने कामाची रीतच उलटी केली. ज्या दाराने मिटायचे त्याला ओंडका लावला. आशेने कर्म बदलले की ती आसक्ती, अशी साधी खूण मला यातून मिळाली. डोळ्यांसमोर फळ आल्यावर हात जसा आधी चालत होता तसाच चालतो का, एवढे पाहायचे.

आणि पायरीवरचा तो पहिला माणूस? त्याला मासळीचा लोभ नव्हता, कोणाकडून काही नको होते. वरून पाहिले तर निष्कामच. पण भोके दिसत असून त्याने अनुबंध पाहिला नाही. दोघांनी शेत खारे केले, एकाने फळाला चिकटून, दुसऱ्याने परिणाम झटकून.

फळ आपल्या एकट्याचे का नाही, याचे कारणही गीता भावनेने देत नाही, हिशेबाने देते. कोणत्याही कर्माची पाच कारणे ती मोजते: ज्यावर ते घडते ते अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या हालचाली, आणि पाचवे दैव. बांधाला लावून पाहिले तर जमीन व चिखल, राखणारा माणूस, फावडे-घमेली-दारे, चोपण्या-बुजवण्याची मेहनत, आणि मग अमावास्येला वाऱ्याने चढलेले पाणी. या पाचांतला कर्ता हा एकच भाग असताना 'मीच केले' म्हणणारा दुर्मती, असे पुढे गीताच सांगते. पण याच यादीची दुसरी बाजू अशी की दैव पाचातले एक आहे. पाचही दैवाच्या नावावर टाकणे हाही त्या हिशेबातला खोटेपणाच.

मग फळाची इच्छाच नको की फक्त पकड नको? इथे टीकाकारांत मतभेद आहेत आणि ते खरे आहेत. शंकराचार्यांना निष्काम कर्म ही चित्त शुद्ध करणारी पायरी वाटते, तिथून पुढे ज्ञान आणि कर्माचा संन्यास. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त टिळक याच्या विरुद्ध उभे राहतात. ज्ञान झाल्यावरही कर्म करायचेच, लोकसंग्रहासाठी, म्हणजे जग विस्कटू नये, एकत्र धरून राहावे म्हणून. तिसऱ्या अध्यायात यासाठी एक शब्द आहे, 'चिकीर्षु'. अज्ञानी आसक्त होऊन जसे कर्म करतात, तितक्याच नेटाने ज्ञानी माणसाने आसक्ती सोडून, लोकसंग्रह करण्याची इच्छा धरून करावे. चिकीर्षा म्हणजे करण्याची इच्छा. म्हणजे इच्छा उरलीच आहे. ती फक्त 'मला'वरून हलून 'हे घडावे'वर गेली आहे. कुमारिलांना याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. उद्देश आहे, तो आपल्या खिशात जात नाही एवढेच.

इथपर्यंत गोष्ट जुळते. खरी अडचण पुढे आहे. नेमून दिलेले कर्तव्यच जर भयंकर परिणामांकडे नेत असेल तर?

अर्जुनाचा प्रश्न हाच होता. तो भित्रेपणाने धनुष्य टाकत नाही. पहिल्या अध्यायात तो परिणामच मोजून दाखवतो: कुळे बुडतील, घरे उद्ध्वस्त होतील, ज्यांच्यासाठी राज्य हवे तेच समोर मरायला उभे आहेत. (त्याने मोजलेल्या परिणामांत वर्णसंकराची भीतीही आहे, तिच्याशी आज कोणी सहमत व्हायचे कारण नाही.) या हिशेबाला कृष्ण थेट उत्तर देत नाही. आत्मा मरत नाही, क्षत्रियाचा धर्म, लोक नावे ठेवतील, असे मुद्दे येतात. शिवाय फळांवर अधिकार नाही असे सांगण्याच्या अवघे दहा श्लोक आधी तोच म्हणतो: मेलास तर स्वर्ग मिळवशील, जिंकलास तर पृथ्वी भोगशील. हे फळच की! पुढच्याच श्लोकात सुख-दुःख समान मानण्याचा उपदेश येतो, म्हणून काही जण याला ऐकणाऱ्याच्या पातळीवरून वर नेणारा जिना मानतात. ते मान्य केले तरी अर्जुनाचा मूळ प्रश्न तसाच राहतो. युद्धानंतर स्त्रीपर्वात रणभूमीवर बायका आपापली प्रेते शोधत फिरतात आणि पुढे शांतिपर्वात जिंकलेला युधिष्ठिर राज्य नको म्हणतो. अमर्त्य सेन यांनी अर्जुनाची बाजू घेतली ती याच जागी: युद्ध न्याय्य होते असे मानले, तरी इतक्यांना आपल्या हातून मारण्याची किंमत विचारात घेणे चूक नव्हते.

गंमत अशी की त्याच युद्धात, सतराव्या दिवशी, तोच कृष्ण त्याच अर्जुनाला परिणाम पाहायला शिकवतो. कर्णपर्वातला हा प्रसंग गीतेइतका सांगितला जात नाही. कर्णाकडून जखमी झालेला युधिष्ठिर शिबिरात पडलेला असतो. अर्जुन भेटायला येतो, तर युधिष्ठिर संतापून म्हणतो, तुझे गांडीव दुसऱ्या कुणाला दे. अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा असते की गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याला मी ठार मारीन. प्रतिज्ञा पाळणे हे कर्तव्य. तो तलवार उपसतो, थोरल्या भावावर.

कृष्ण त्याला थांबवतो आणि कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक नावाचा तपस्वी सदैव खरे बोलण्याचे व्रत घेऊन राहात होता. एकदा लुटारूंना भिऊन काही माणसे त्याच्या समोरून रानात लपायला गेली. मागून लुटारू आले, त्यांनी विचारले, कौशिकाने खरे ते सांगितले. लुटारूंनी त्या माणसांना शोधून मारले आणि कौशिक नरकात गेला. कौशिकाला यातून काहीही मिळवायचे नव्हते. व्रत पाळले, फळ मागितले नाही. तरी कृष्ण त्याला मूढ म्हणतो, आणि धर्माची व्याख्या देतो: जो प्रजेला धारण करतो, तो धर्म.

पुढची सुटका तर खास आहे. मोठ्या माणसाचा अपमान म्हणजे त्याचा वधच, म्हणून युधिष्ठिराला 'तू' म्हण, प्रतिज्ञा पुरी होईल. अहो-जाहो करणाऱ्या आपल्या घरांत याचा अर्थ वेगळा सांगायला नको. अर्जुन तसे करतो आणि मग केलेल्या अपमानाच्या दुःखाने स्वतःलाच मारायला निघतो. तेव्हा कृष्ण म्हणतो, स्वतःची स्तुती कर, आत्मप्रशंसा म्हणजे आत्महत्याच. महाभारताला विनोद कळत नाही असे म्हणणाऱ्याने हा अध्याय जरूर वाचावा.

माझे वाचन असे की कौशिक फळाला नाही, पण 'मी सत्यवादी' या स्वतःच्या प्रतिमेला चिकटला होता. ती प्रतिमा हेच त्याचे फळ, आणि तिच्यासाठी त्याने इतरांचे प्राण मोजले नाहीत. पण मी प्रामाणिकपणे म्हणेन की या वाचनाने कुरुक्षेत्राचा प्रश्न सुटत नाही. कौशिकाला परिणाम पाहा म्हणायचे आणि अर्जुनाला कर्तव्य पाहा म्हणायचे, यातली रेघ कुठे आखायची हे महाभारत सांगून मोकळे होत नाही.

दुसरी अडचण जमिनीवरची आहे. कर्तव्य नेमून देतो कोण? गीतेत ते बऱ्याच अंशी जन्माने येते. सदोष असले तरी सहज कर्म सोडू नये, असे अठरावा अध्याय सांगतो. डॉ. आंबेडकरांनी गीतेवर धरलेला रोख हाच होता: हे तत्त्वज्ञान चातुर्वर्ण्याला आधार देते. खाजनात उभे राहिले की ही टीका पुस्तकी वाटत नाही. कमरेएवढ्या चिखलात उतरून बांध चोपणारे आणि भाताच्या राशी घरी नेणारे पिढ्यान् पिढ्या वेगवेगळे होते. फळाची आशा सोड, हे माणसाने स्वतःला सांगायचे वाक्य आहे. भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, ते कुळाला सांगितले की त्याचा अर्थच फिरतो, कारण सांगणाऱ्याने स्वतःच्या फळावरचा हात काढलेला नसतो. गोव्यात १९६४ साली कुळकायदा आला तो अगदी सरळ अर्थाने फळावर अधिकार कुणाचा, याच प्रश्नासाठी. मजुरी मागणे ही फलाशा नव्हे. ते कर्माचेच देणे आहे, आणि ते बुडवण्यासाठी गीता वापरणे हा मला ओंडका लावण्यातलाच प्रकार वाटतो.

बांध फुटल्याच्या पुढच्या वर्षी मानशीची पाळी मामांकडे आली. त्या ऑगस्टच्या अमावास्येला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. रात्रीचे दहा वाजून गेलेले, पाणी चढत होते. एक दार पूर्ण मिटत नव्हते. मामांनी बॅटरी माझ्या हातात दिली, पोटावर आडवे झाले, हात पाण्यात घातला आणि फटीत अडकलेले नारळाचे चुडत ओढून काढले. दार धप्पकन बसले. आत कोरगुट भात उभे होते, त्याच्यावर त्यांनी बॅटरी फिरवली आणि यंदा खंडीभर तरी जास्त येईल असा अंदाज बांधला. मी म्हटले, "मामा, फळाची आशा?" ते हसले, ओले हात लुंगीला पुसले आणि म्हणाले की उद्या भरती अकराच्या सुमाराला आहे, जेवून यायला वेळ मिळेल, दुसऱ्या दाराची बिजागरी तेव्हा बघू.